साठ्याची मोजणी: तक्त्याकडून मालाकडे, की मालाकडून तक्त्याकडे?

प्रश्न: सीए इंटरच्या ऑडिटिंगमधले साठ्याच्या प्रत्यक्ष मोजणीवरचे वस्तुनिष्ठ प्रश्न माझे दरवेळी चुकतात. ‘तक्त्यातून माल शोधला’ आणि ‘मालावरून तक्त्यात नोंद शोधली’ यांची उत्तरं वेगळी का? मोजणी ३१ मार्चऐवजी एप्रिलमध्ये झाली तर आवक वजा करायची की मिळवायची? आणि ऑडिटर मोजणीला हजर राहू शकला नाही तर रिपोर्ट लगेच क्वालिफाय होतो का? दादरला क्लास लावलाय, पण तिथे पर्याय पाठ करून घेतात, कारण कुणी सांगत नाही.

उत्तर:

मी तुम्हाला भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये घेऊन जाते. तुमचे तिन्ही प्रश्न मला तिथे एकाच रविवारी भेटले होते. कंपनी विजेच्या वायर आणि केबलचा व्यापार करणारी, दुकान लोहार चाळीत, मोठा माल भिवंडीत. वर्षअखेर ३१ मार्च, पण त्या दिवशी माल गाड्यांवर चढत-उतरत असतो, म्हणून मोजणी ठेवली होती ५ एप्रिलला, रविवारी. रविवारी माथाडी नसतात, गाड्या येत नाहीत, माल जागचा हलत नाही. आकडे मी इथे सोपे करून देते, घडलं ते तसंच.

सकाळी नऊला पोहोचले तर गोडाऊन सांभाळणारे काका हातात पट्टी आणि खडू घेऊन उभे. म्हणाले, “मॅडम, कुठून सुरुवात करताय?” मी म्हटलं, “काका, सुरुवात तुम्ही करायची. मी बघणार, आणि मग तुमच्यातलंच थोडं पुन्हा मोजणार.” त्यांना ते पटलं नाही. ऑडिटवाले आलेत म्हणजे तेच मोजणार, असं त्यांनी धरलं होतं. परीक्षेत निम्मी मुलंही असंच धरून चालतात.

साठा मोजणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात १८९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेच सांगितलं होतं. तिथल्या मॅनेजरने वर्षानुवर्षं सूत आणि कापसाचा साठा फुगवून दाखवला, ऑडिटरने त्याच्या दाखल्यावर विसंबून ताळेबंद सही केला, तरीही न्यायालय म्हणालं की साठा मोजणं ऑडिटरचं कर्तव्य नाही. आज तेवढ्यावर ऑडिटरची सुटका होत नाही. १९३८ च्या अखेरीस अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स प्रकरणात गोदामांत नसलेला माल पुस्तकांत असल्याचं उघड झालं, आणि ऑडिटरने मोजणीच्या जागी जायला हवं हे तिथून पक्कं झालं. आपल्याकडे आज एसए ५०१ म्हणतं की साठा आर्थिक पत्रकांच्या दृष्टीने मोठा असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहायचं. तिथे चार गोष्टी करायच्या: व्यवस्थापनाच्या सूचना आणि पद्धत तपासायची, मोजणी प्रत्यक्ष कशी चालली आहे ते पाहायचं, माल डोळ्यांखालून घालायचा आणि चाचणी म्हणून काही नग स्वतः मोजायचे. मग घरी आल्यावर अंतिम साठा यादीत मोजणीचे आकडे जसेच्या तसे उतरले आहेत का ते तपासायचं. म्हणून ‘प्रत्यक्ष मोजणीची जबाबदारी कुणाची’ याचं उत्तर व्यवस्थापन, आणि ‘मोजणीला हजर राहण्याची जबाबदारी कुणाची’ याचं उत्तर ऑडिटर. प्रश्नातलं क्रियापद नीट वाचलं की हे दोन गोंधळत नाहीत.

काकांनी तक्ते वाटले तेव्हा पहिली अडचण समोर आली. प्रत्येक ओळीत मालाच्या नावापुढे टॅलीतली शिल्लक आधीच छापलेली होती. ते तक्ते मी थांबवायला लावले. माणूस रॅकपुढे उभा राहिला, कागदावर ४८ दिसलं, रॅकवर साधारण तेवढंच दिसलं, की तो ४८ लिहून पुढे सरकतो. मोजणाऱ्याच्या कागदावर पुस्तकी शिल्लक असता कामा नये. अर्धा तास गेला, पण कोरे तक्ते छापून घेतले, १ ते ६० क्रमांक टाकून. संध्याकाळी ४७ भरलेले परत आले, १३ कोरे परत आले आणि त्यांच्यावर आडवी रेघ मारून घेतली. क्रमांक आधी का टाकायचा, हा प्रश्न परीक्षेत येतो. उत्तर असं की मोजणी झाल्यावर कुणी तक्ता घुसवला किंवा गायब केला तर कळावं.

आता तुमचा पहिला प्रश्न. टेस्ट काउंट दोन दिशांनी करतात, आणि दोन्ही दिशांना सापडणारे दोष वेगळे असतात.

मी भरलेल्या तक्त्यातून एक ओळ उचलली: चार कोअरची आर्मर्ड केबल, ड्रम एक, ५०० मीटर. तक्ता हातात घेऊन ड्रमकडे गेले. ड्रमच्या लाकडी गोल फळीवर कारखान्याचं लेबल होतं, त्यावर ५०० मीटर होतं, आणि मोजणाऱ्याने तेच उतरवलं होतं. पण ड्रम भरलेला वाटत नव्हता, मधल्या नळकांड्याभोवती वेढे कमी दिसत होते. अशा केबलवर कारखान्यात दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. बाहेरच्या टोकावरचा आकडा वाचला, १,१८६. आतलं टोक फळीतल्या भोकातून बाहेर काढलेलं असतं, तिथला आकडा १,००४. वजाबाकी १८२. म्हणजे तक्त्यात ५०० आणि ड्रमवर १८२. उरलेली ३१८ मीटर केबल तक्त्यात होती, जगात नव्हती.

तक्त्यापासून निघून मालाकडे गेले म्हणून हे सापडलं. कागदावर आहे ते खरोखर आहे का, हा प्रश्न या दिशेने विचारला जातो, आणि त्याचं नाव एक्झिस्टन्स, म्हणजे अस्तित्व. आता उलट विचार करा. मी गोडाऊनभर फिरून जे दिसेल ते उचललं असतं आणि तक्त्यात शोधलं असतं, तर जो ड्रम तिथे नाहीच तो मला कसा दिसला असता? अस्तित्वात नसलेल्या वस्तूपासून कुणी सुरुवात करू शकत नाही. म्हणून साठा फुगवल्याचा संशय असेल तेव्हा निघायचं तक्त्यातून.

उलट दिशेचं काम दुपारी केलं. माळ्यावर चढले, तिथे दीड मिमी वायरची ९ कॉइल दिसली, पिवळी, धूळ बसलेली. तक्त्यात शोधली, नव्हती. खालचा मजला संपल्यावर मोजणारी जोडी जेवायला गेली आणि परतल्यावर माळा विसरली, एवढंच झालं होतं. मालापासून निघून तक्त्याकडे गेल्याने वगळलेला माल सापडतो, आणि याचं नाव कम्प्लीटनेस, म्हणजे परिपूर्णता. इथेही विरुद्ध बाजूने पाहा: तक्त्यात नसलेली ओळ तक्ता वाचून कधीच सापडणार नाही.

म्हणून प्रश्नात ‘निवडतो’ हा शब्द कशाला जोडलाय ते शोधा. ‘ऑडिटर गोडाऊनमधून काही वस्तू निवडतो आणि मोजणी तक्त्यात त्यांची नोंद पडताळतो’ असं असेल तर निघण्याची जागा गोडाऊन, उत्तर परिपूर्णता. ‘तक्त्यातून निवडतो’ असेल तर अस्तित्व. परीक्षक कधी वाक्य उलटं मांडून ‘पडताळणी’ आधी आणि ‘निवड’ नंतर लिहितात, तेव्हाही निघण्याची जागाच पाहायची.

पण तिसरा एक पर्याय असतो आणि तो फसवा असतो: मालकी. माळ्याच्या जिन्याखाली स्विचगियरची १४ खोकी होती, तीही तक्त्यात नव्हती. माझ्यासोबतचा आर्टिकल लगेच म्हणाला, “मॅडम, हाही वगळलेला माल.” काकांनी मान हलवली. “ते आपलं नाही, ते जांगड आहे.” लोहार चाळीत, मंगळदास मार्केटात, जवेरी बाजारात हा शब्द ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. जांगड म्हणजे पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत, असा दिलेला माल. पसंती कळवेपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. खोकी शेजारच्या व्यापाऱ्याची होती, चिठ्ठी गल्ल्यात होती, आणि ती तक्त्यात नव्हती हेच बरोबर होतं.

मोजणी बघून माल आहे हे कळतं आणि बऱ्यापैकी त्याची अवस्था कळते, फाटकी खोकी, गंजलेले टर्मिनल, दोन वर्षं न हललेल्या रॅकवरची धूळ. माल कुणाचा हे मोजणीतून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठी, बिल, बँकेचं तारणपत्र पाहावं लागतं. ‘प्रत्यक्ष मोजणीला हजर राहिल्याने कोणत्या गोष्टीचा पुरावा मिळत नाही’ असा प्रश्न आला की हक्क आणि बंधनं हा पर्याय डोळ्यांपुढे ठेवा. उलट, कंपनीने स्वतःचा माल कुणाकडे जांगड दिला असेल किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये, जॉबवर्करकडे ठेवला असेल, तर तो गोडाऊनमध्ये नसूनही कंपनीच्या साठ्यात येतो. अशा मालासाठी एसए ५०१ तिऱ्हाइताकडून थेट कन्फर्मेशन घ्यायला किंवा जाऊन पाहायला, किंवा परिस्थितीप्रमाणे दोन्ही करायला सांगतं.

आता तारखेचा भाग. यात मुलं चिन्ह पाठ करतात आणि मग ऐनवेळी उलटं लावतात. चिन्ह पाठ करू नका, दिवस मागे न्या. ५ एप्रिलला गोडाऊनमध्ये उभे आहात आणि तुम्हाला ३१ मार्चच्या रात्री पोहोचायचं आहे. वाटेत जो माल आत आला होता तो त्या रात्री नव्हता, म्हणून तो काढा. जो बाहेर गेला होता तो त्या रात्री होता, म्हणून तो परत ठेवा.

अडीच मिमी तांब्याच्या वायरची ९० मीटरची कॉइल घेऊ. ५ एप्रिलला मोजली ४१२. एप्रिलमध्ये त्या दिवसापर्यंत कारखान्याकडून आवक १२०. बिलांप्रमाणे विक्री ८५. एका गिऱ्हाइकाने परत केली १०, म्हणजे तीही एक आवकच. मागे जाऊ: ४१२ मधून १२० काढल्या, उरल्या २९२. त्यात ८५ परत ठेवल्या, ३७७. त्यातून परतीच्या १० काढल्या, ३६७. टॅलीत ३१ मार्चची शिल्लक ३९१. म्हणजे २४ कॉइल कमी.

मोजणी वर्षअखेरीच्या आधी, समजा २२ मार्चला झाली असती तर दिवस पुढे न्यायचे, म्हणून आवक मिळवायची आणि जावक वजा करायची. एवढाच फरक.

परीक्षेतला प्रश्न बहुतेकदा इथे संपतो. गोडाऊनमधला संपत नाही, आणि यापुढचं क्लासमध्ये क्वचितच सांगतात.

मोजणी सुरू होण्याआधी मी काकांच्या टेबलावरून काही क्रमांक उतरवून घेतले होते: शेवटची आवक पावती, शेवटचं डिलिव्हरी चलन, शेवटचं बिल, आणि गेट रजिस्टरमधली शेवटची ओळ. अकाउंट्सकडून ३१ मार्चचे शेवटचे क्रमांकही मागवले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून जुळवायला घेतलं तर एक बिल खुपलं. तारीख ३१ मार्च, नाशिकच्या गिऱ्हाइकाला ३० कॉइल. गेट रजिस्टरमध्ये त्याच ३० कॉइल गेल्या १ एप्रिलला दुपारी. ई-वे बिल काढलं. कॉइलचा विक्रीदर २,९००, म्हणजे ८७,००० रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून १,०२,६६०. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्या किमतीत कर धरतात, म्हणून ते निघालं होतं. त्यावर गाडीचा नंबर भरल्याची तारीख १ एप्रिल. माल ३१ मार्चला गोडाऊनमध्येच होता, पोचवण्याची जबाबदारी कंपनीची होती, आणि विक्री मात्र मार्चमध्ये धरली होती. विक्रीचं टार्गेट गाठायला हे होतं, मला त्यात नवल वाटलं नाही.

आता माझ्या आर्टिकलने काय केलं ते बघा, कारण चूक शिकण्यासारखी आहे. त्याने मागे जाताना जावक गेट रजिस्टरवरून घेतली. तिथे एप्रिलमधली जावक ८५ अधिक ३०, म्हणजे ११५. त्याचा हिशेब: ४१२ वजा १२०, अधिक ११५, वजा १०, बरोबर ३९७. मग त्याने हे टॅलीतल्या ३९१ शी ताडून पाहिलं आणि शेरा लिहिला: ६ कॉइल जास्त, किरकोळ.

गेट रजिस्टर माल कधी हलला ते सांगतं, टॅली बिल कधी फाडलं ते सांगते. एका बाजूला हललेला माल आणि दुसऱ्या बाजूला फाडलेलं बिल घेतलं की मधल्या ३० कॉइल एका बाजूला मोजल्या जातात आणि दुसऱ्या बाजूला नाही. दोन्ही बाजू बिलावरून घेतल्या तर ३६७ विरुद्ध ३९१. दोन्ही बाजू गेटवरून घेतल्या तर ३९७ विरुद्ध ४२१, कारण न गेलेल्या ३० कॉइल पुस्तकातही परत ठेवाव्या लागतात. दोन्हींत तूट २४ च. फक्त मिसळ केली की २४ ची तूट ६ ची बढती होऊन बसते, आणि बढतीकडे कुणी डोळे वटारून बघत नाही.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्या. दोन्ही बाजू बिलावरून घेतल्या तेव्हा तूट बरोबर आली, पण कटऑफची चूक, म्हणजे व्यवहार चुकीच्या वर्षात धरल्याची चूक, दिसलीच नाही. म्हणजे मोजणी पुस्तकाशी जुळली याचा अर्थ कटऑफ ठीक आहे असा होत नाही. ती चूक फक्त शेवटच्या क्रमांकांनी आणि गेट रजिस्टरने पकडली. ‘मोजणीच्या वेळी शेवटच्या आवक-जावक कागदांचे क्रमांक का नोंदवतात’ या प्रश्नाचं उत्तर कटऑफ का, ते यावरून कळेल.

दुरुस्ती करताना विक्री मार्चमधून काढली, ८७,००० रुपये. कॉइलची खरेदी किंमत २,५००, म्हणून ३० कॉइल साठ्यात परत आल्या, ७५,००० रुपये. नफा घटला १२,००० ने. कंपनीच्या अकाउंटंटला सुरुवातीला वाटत होतं की ३० कॉइल प्रत्यक्ष होत्याच, तर साठ्यात धरू आणि विक्रीही तशीच राहू दे. तसं केलं असतं तर एकाच मालाची विक्रीही आणि साठाही, नफा खऱ्या आकड्यापेक्षा ८७,००० ने फुगला असता. एप्रिलमध्ये मोजून मागे जाताना ही चूक सगळ्यात जास्त होते.

मागे जाण्याच्या या पद्धतीलाही मर्यादा आहे. मधले दिवस जितके जास्त आणि आवक-जावकीच्या नोंदी जितक्या ढिल्या, तितका ३१ मार्चचा आकडा कागदांवर टेकतो आणि मोजणीवरचा भार कमी होतो. पाच दिवस मागे जाणं सोपं. २०२० मध्ये २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला, ३१ मार्चला गोडाऊनची कुलपंही उघडली नाहीत, आणि काही ठिकाणी आम्ही जूनमध्ये मोजून मार्चला आलो. त्या वर्षी मालापेक्षा ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्याच जास्त तपासल्या. व्हिडिओ कॉलवर रॅक दाखवायचेही प्रयोग झाले, पण कॅमेरा कुठे फिरवायचा हे समोरचा ठरवतो, हे मी कधी विसरले नाही.

यावरून तुमचा तिसरा प्रश्न. नाही, रिपोर्ट लगेच बदलत नाही. एसए ५०१ मध्ये दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि परीक्षक त्यांचीच सरमिसळ करून पर्याय देतो. पहिली अशी की अकल्पित कारणाने तुम्ही त्या दिवशी पोहोचू शकला नाहीत, लोकल बंद पडल्या, पाऊस झाला, आजारी पडलात. मग दुसऱ्या तारखेला काही माल मोजायचा किंवा मोजणी पाहायची आणि मधले व्यवहार तपासायचे. वर पाहिलं तेच मागे-पुढे जाणं. दुसरी अशी की हजर राहणं व्यवहार्यच नाही, उदाहरणार्थ माल अशा जागी आहे की तिथे ऑडिटरच्या जिवाला धोका. मग पर्यायी पुरावा शोधायचा, जसं की मोजणीच्या आधी घेतलेला ठरावीक माल पुढे विकला गेल्याची कागदपत्रं. तोही मिळत नसेल तरच एसए ७०५ प्रमाणे मत बदलायचं.

इथे दोन फसवे पर्याय नेहमी असतात. एक, ‘गोडाऊन लांब आहे, खर्च आणि वेळ जास्त लागतो म्हणून व्यवहार्य नाही’. गैरसोय हे कारण चालत नाही. भिवंडीला जायला ठाण्यानंतर दोन तास ट्रॅफिकमध्ये बसावं लागतं, पण ती माझी तक्रार झाली, एसएमधली सबब नव्हे. दुसरा, ‘ॲडव्हर्स मत’. पुरावा मिळाला नाही तर आकडे चुकीचे आहेत असं म्हणता येत नाही, फक्त आपल्याला माहीत नाही एवढंच म्हणता येतं. म्हणून परिणामाच्या व्याप्तीप्रमाणे क्वालिफाइड किंवा डिस्क्लेमर. ॲडव्हर्स तेव्हा, जेव्हा पुरावा पुरेसा आहे, त्यावरून आकडे खोटे ठरले आहेत आणि त्याचा परिणाम सगळ्या पत्रकांभर पसरला आहे.

कॅरो २०२० वर एक प्रश्न हमखास असतो, तो पटकन सांगते. व्यवस्थापनाने वाजवी अंतराने मोजणी केली का, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, आणि साठ्याच्या प्रत्येक वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत आढळली का व ती पुस्तकात नीट हाताळली का, हे ऑडिटरने लिहायचं. टक्के एकेका मालाचे नव्हेत, वर्गाच्या एकूणाचे. आमच्या अडीच मिमीच्या कॉइलची तफावत ४२१ वर २४, म्हणजे ६ टक्क्यांच्या आत. पण व्यापारी कंपनीचा विक्रीसाठीचा सगळा माल एका वर्गात धरला की हा आकडा किती होतो ते बघायचं. आणि १० च्या आत आहे म्हणून पुस्तकात दुरुस्ती करायची नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही.

ड्रमचं पुढे काय झालं ते सांगते, कारण आर्टिकलला वाटलं होतं चोरी सापडली. टॅलीत त्या केबलची दोन नावं होती, एक पूर्ण ड्रमचं आणि एक ‘कट पीस’. गिऱ्हाइकाला तुकडा कापून दिला की बिल कट पीसच्या नावाने फाडलं जायचं, ड्रममधून मीटर कुणी कमी करत नसे. कट पीसपुढे उणे ३१० मीटर शिल्लक दिसत होती. उणे शिल्लक हा टॅलीने स्वतःहून लिहिलेला कबुलीजबाब असतो, मोजणीला निघण्याआधी तो अहवाल काढून सोबत न्या. ३१८ मधून ३१० गेले, उरलेले ८ मीटर कापताना वाया गेलेले तुकडे.

आणि त्या २४ कॉइल. भिवंडीत मोजणी चालू असताना त्याच वेळी माझी दुसरी आर्टिकल लोहार चाळीतल्या दुकानात मोजणी बघत होती. दोन जागा एकाच वेळी नाही मोजल्या तर माल रात्रीतून एकीकडून दुसरीकडे जातो आणि दोनदा मोजला जातो, म्हणून हा हट्ट मी कधी सोडत नाही. तिच्या तक्त्यात अडीच मिमीच्या कॉइल पुस्तकापेक्षा २० ने जास्त होत्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात माल संपला म्हणून मालकांच्या मुलाने स्वतःच्या गाडीतून २० कॉइल आणल्या होत्या, चलन न करता. दुकानाच्या हिशेबात २० मिळवल्या, गोडाऊनच्या हिशेबातून २० काढल्या. राहिल्या ४. त्यांचा पत्ता लागला नाही, १०,००० रुपये तूट म्हणून खर्ची टाकले.